बाळ आल्यानंतर नवरा-बायकोतील जवळीक: आधी तिची सलग झोप, मग वीस मिनिटे

प्रश्न: आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो. मुलगा चार महिन्यांचा आहे. बायको माहेरून येऊन महिना झाला. ती आईजवळ आतल्या खोलीत झोपते, मी ओसरीत. लाइन रात्रीची असली की मी ओलिताला वावरात. दिवसभरात आमचे बोलणे म्हणजे "डायपर आणा" आणि "पोरगा रडतो, घ्या". जवळ गेलो तर ती अंग चोरते. लग्नाला दोनच वर्षे झाली, आधी आमचे फार छान होते. प्रेम संपले का? काय करू?

उत्तर: नाही, संपलेले नाही. मात्र तुमच्या चार ओळींत एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे तुमचे स्वतःचे लक्ष गेलेले दिसत नाही, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते. तुम्ही दोघे आई-बाप झालात ते दोन वेगळ्या घरांत. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडची रीत चांगली आहे, कारण बाळंतिणीला त्या काळात आईची माया आणि विश्रांती दोन्ही मिळतात. परंतु त्या तीन महिन्यांत बाळ का रडते, कोणत्या कुशीवर घेतले की शांत होते, दूध पाजल्यावर ढेकर कसा काढायचा, हे सारे ती तिच्या आईबरोबर शिकली आणि तुम्ही रविवारी पेढे-कपडे घेऊन जाणारे पाहुणे राहिलात. ती परत आली तेव्हा तिच्या हातात तीन महिन्यांचा अनुभव होता आणि तुमचे हात कोरे होते. साहजिकच बाळ रडले की तुम्ही ते तिच्याकडे देता, ती न बोलता घेते, आणि दिवसातून वीस वेळा घडणाऱ्या या एका कृतीतून तुमच्या दोघांमधले अंतर वाढत जाते. बावीस वर्षे खेड्यापाड्यांतील जोडप्यांशी बोलताना मी हे इतक्या घरांत पाहिले आहे की अलीकडे मी पहिला प्रश्न "भांडण होते का" असा न विचारता "बाळाला तुम्ही एकटे किती वेळ सांभाळता" असा विचारते.

आता अंग चोरण्याविषयी. चार महिन्यांचे बाळ चोवीस तासांत साधारण आठ वेळा, कधी त्याहून अधिक, अंगावर पिते. एका वेळेला वीस मिनिटे धरली तरी तीन तासांच्या आसपास ते तिच्या छातीला असते, आणि शिवाय कडेवर घेणे, तेल लावणे, थोपटणे, झोळीत टाकणे चालूच असते. संध्याकाळपर्यंत तिच्या अंगाला कोणाचा ना कोणाचा हात सतत लागलेला असतो आणि त्यातला एकही स्पर्श तिच्या स्वतःसाठी नसतो. तुमचा हात खांद्यावर पडतो तेव्हा तिच्या थकलेल्या शरीराला ती आणखी एक मागणी वाटते. त्याच्या जोडीला शरीरातला बदल असतो. अंगावर पाजण्याच्या काळात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढलेले आणि इस्ट्रोजेन उतरलेले असते, त्यामुळे इच्छा मंदावते आणि योनीमार्ग कोरडा राहतो. टाके पडले असतील तर ती जागा दुखेल ही भीती वेगळी. यातल्या कशाचाही तुमच्यावरच्या प्रेमाशी संबंध नाही, पण कोणी समजावून सांगितले नाही तर नवऱ्याला वाटते की ही मला टाळते, आणि बायकोला वाटते की याला माझ्यात फक्त तेवढेच हवे आहे.

या सगळ्याच्या मुळाशी झोप आहे, आणि झोपेचा हिशेब केल्याशिवाय मी कोणत्याही जोडप्याला दुसरा सल्ला देत नाही. तो कसा करायचा हे एका जोडप्याच्या उदाहरणाने सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वर्धा जिल्ह्यातील हे जोडपे, सात एकर कापूस आणि तूर, घरात सासू-सासरे, मुलगी पाच महिन्यांची. तो तुमच्यासारखेच म्हणत होता, की बायको बोलत नाही. मी त्याला तीन रात्री एकच काम दिले: ती कधी झोपली आणि कधी उठली एवढेच लिहून ठेवायचे. त्याने कापसाच्या चुकाऱ्याचा हिशेब ठेवायच्या वहीच्या मागच्या पानावर ते लिहून आणले. एका रात्रीची नोंद अशी होती. दहा चाळीसला झोपली, सव्वाबाराला उठली. बारा पन्नासला झोपली, अडीचला उठली. तीन दहाला झोपली, पावणेपाचला उठली. पाच वीसला सासूबाई उठल्या म्हणून हीही उठली आणि चुलीपाशी गेली. बेरीज चार तास पन्नास मिनिटे होते, पण खरी गोष्ट बेरजेत नाही. सर्वांत लांब तुकडा एक तास चाळीस मिनिटांचा होता. झोपेचे एक पूर्ण आवर्तन साधारण दीड तासाचे असते. म्हणजे तिला एका आवर्तनाच्या पुढे कधी जाऊच दिले जात नव्हते, आणि हे पाच महिने चालले होते. ते पान वाचून तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "मॅडम, मले वाटे थे झोपते म्हनून बोलत नाही."

तेव्हा पहिले काम प्रेमासाठी वेळ काढण्याचे नसून तिला रोज चार तासांची एक सलग झोप मिळवून देण्याचे असते. आम्ही ठरवले ते असे: साडेआठला तिने मुलीला पोटभर पाजायचे आणि नऊला आतल्या खोलीत जाऊन झोपायचे, एक वाजेपर्यंत मुलगी ओसरीत बापाजवळ राहील. ऐकायला हे सोपे वाटते, पण पहिल्या आठवड्यात ते तीन ठिकाणी अडले, आणि तुमच्याकडेही बहुधा तिथेच अडेल.

पहिली अडचण बापाची होती. साडेदहाला मुलगी रडली आणि पाच मिनिटांत त्याने तिला आत नेले, "भूक लागली वाटते" म्हणून. बाळाचे प्रत्येक रडणे भुकेचे नसते. आधी लंगोट ओला आहे का पाहावे, मग खांद्यावर घेऊन पाठीवरून हात फिरवत ढेकर काढावा, मग अंगणात किंवा ओसरीत हळूहळू फेऱ्या माराव्यात, आणि या सगळ्याला निदान दहा मिनिटे द्यावीत. बाळ मूठ तोंडात घालून चोखत असेल, गाल तुमच्या छातीवर घासत तोंड उघडून काही शोधत असेल, तर ती खरी भूक आहे. हा फरक बायकोने सांगून कळत नाही. तो चार-पाच रात्री स्वतः बाळ सांभाळल्यावर कळतो, आणि तो कळला की बाप पाहुणा राहत नाही.

दुसरी अडचण खऱ्या भुकेची. त्यासाठी तिने संध्याकाळी हात स्वच्छ धुऊन, उकळून घेतलेल्या वाटीत थोडे दूध हाताने काढून झाकून ठेवायचे आणि बापाने ते चमच्याने पाजायचे. बाटली नको; वाटी-चमचा स्वच्छ ठेवणे सोपे असते. हिवाळ्याच्या रात्री असे दूध चार तासांपर्यंत ठेवता येते. उन्हाळ्यात मात्र आपल्याकडच्या उकाड्यात ते बाहेर मुळीच ठेवू नये. फ्रिज असेल तर त्यात ठेवावे, नसेल तर हा बेत सोडून द्यावा आणि बाळाला फक्त पाजण्यापुरते आत नेऊन लगेच परत आणावे. काढून ठेवलेले दूध गरम करायला गॅसवर ठेवू नये, वाटी कोमट पाण्यात धरली की पुरते. त्या घरी सासूबाईंनी याला हरकत घेतली, दूध काढून ठेवले की नजर लागते म्हणून. सुनेने वाद घातला असता तर प्रकरण चिघळले असते. आम्ही आशाताईंना पुढच्या गृहभेटीत हा विषय काढायला सांगितला आणि त्यांनी आजीलाच वाटी उकळायचे काम दिले. आजींचा विरोध तिथे मावळला, कारण त्यांची नाराजी मुळात दुधाबद्दल नव्हतीच. नातीच्या बाबतीत त्यांना कोणी विचारले नव्हते, एवढेच त्यांना लागले होते.

तिसरी अडचण तिच्या शरीराची. पहिल्या रात्री बाळ झोपून राहिले तरी बारा वाजता तीच उठली, छाती दगडासारखी दाटलेली आणि पोलके भिजलेले. शरीराला दर दीड-दोन तासांनी पाजायची सवय लागलेली असते, ती एका रात्रीत मोडत नाही. म्हणून अडीच तासांपासून सुरुवात करावी आणि दर दोन दिवसांनी अर्धा तास वाढवावा. दाटून आले तर थोडे दूध काढून टाकावे. दुखरी गाठ, लाली आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, तिथे वाट पाहू नये.

आणखी एक सांगते, कारण ते बाळाच्या जिवाचे आहे. रात्री बाळ सांभाळताना तुम्हाला डुलकी येईल, ते स्वाभाविक आहे, पण बाळाला छातीवर घेऊन खाटेवर टेकून झोपू नका. झोप अनावर झाली तर त्याला सपाट, घट्ट अंथरुणावर पाठीवर निजवा, आसपास उशी-गोधडीचे ढीग ठेवू नका, आणि आईला किंवा बायकोला उठवा.

नवव्या रात्री त्या मुलीची आई नऊ दहापासून एक पाचपर्यंत झोपली. सकाळी तिने नवऱ्यापुढे चहा ठेवला आणि विचारले, "तुमचे डोये लाल काहून दिसतात?" त्याने मला हे सांगितले तेव्हा तो हसत होता. पाच महिन्यांत तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मी तुम्हाला प्रेमाचे जे पहिले लक्षण शोधायला सांगेन ते हेच आहे: तिचे लक्ष बाळावरून निघून क्षणभर तुमच्यावर थांबले का. झोप मिळाल्याशिवाय ते होत नाही, कारण उरलेले सगळे लक्ष बाळ खाऊन टाकते.

तुमच्या रात्रीच्या लाइनीच्या आठवड्यात हे असेच्या असे जमणार नाही, आणि जमवण्याचा हट्टही धरू नका. रात्रभर वाफे फिरवून आलेल्या माणसाने बाळ सांभाळणे धोक्याचे, आणि न झोपलेल्या माणसाने ओल्या हातांनी स्टार्टरजवळ जाणे त्याहून धोक्याचे. त्या आठवड्यात साडेआठ ते साडेअकरा तुमच्या आईने नातवाला घ्यावे, आणि तुम्ही घरी आल्यावर झोपण्याआधी तासभर बाळ घेऊन बायकोला चुलीपासून आणि बाळापासून दोन्हींकडून मोकळे करावे. तीन तास चार तासांइतके चांगले नाहीत, पण दीड तासापेक्षा पुष्कळ चांगले आहेत.

आईशी हे बोलायचे कोणी? तुम्हीच, आणि बायको समोर नसताना. सुनेने म्हटले तर ते आळस ठरते, मुलाने म्हटले तर जबाबदारी ठरते. हे न्याय्य नाही, पण घरोघरी असेच आहे आणि त्याचा उपयोग करून घ्यावा. शब्दही साधे ठेवा: "माय, रातच्यानं पोराले घ्याची मलेही सवय होऊ दे, तू बी थकतं." आईने तुमच्या बायकोला जवळ झोपवले आहे ते बहुधा तुम्हा दोघांना दूर ठेवण्यासाठी नव्हे, रात्री बाळाला कोणी तरी जाणते माणूस हाताशी असावे म्हणून. तुम्हाला बाळ सांभाळता येते हे तिने चार-आठ रात्री पाहिले की झोपण्याची जागा बदलण्याचा विषय आपोआप सोपा होतो. तो विषय पहिल्याच दिवशी काढू नका.

तिची झोप मार्गी लागली की मग वीस मिनिटे. त्यापेक्षा जास्त मागू नका, मिळणार नाहीत, आणि मिळाली तरी ती डोळे मिटत असताना मिळतील. खेड्यातल्या एकत्र घरात नवरा-बायकोने दार लावून बोलत बसणे अवघड असते, म्हणून जागा अशी निवडा जिथे दोघांनी असण्याला काही निमित्त आहे. रात्रीच्या जेवणानंतर मागच्या अंगणात ती भांडी घासते ना, तुम्ही पाणी टाकायला आणि भांडी विसळायला बसा. बाळ तेवढा वेळ आजोबांजवळ. घरात कोणाला काही वाटणार नाही, वाटले तरी दोन दिवस हसतील. मोबाइल आत ठेवून या. या वीस मिनिटांत चार विषय बंद: बाळ, पैसा, पिकाचा भाव आणि आई.

हे चार विषय काढून टाकले की पहिल्या दिवशी काही बोलायलाच उरत नाही, हे मी आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही घाबरणार नाही. त्या जोडप्यालाही पहिल्या संध्याकाळी काही सुचले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याला आठवले की तिला आंबट बोरे फार आवडतात, आणि बाळंतपणापासून घरात तिला आंबट वर्ज्य होते. धुऱ्यावरच्या बोरीखालची मूठभर बोरे त्याने रुमालात बांधून खिशात आणली आणि भांडी विसळताना एक-एक करून तिच्या हातात ठेवली. तिने आधी दाराकडे पाहिले, मग एक तोंडात टाकले आणि बी कुठे टाकावी म्हणून दोघांनाही हसू आले. (आई आंबट खाते म्हणून बाळाला खोकला होत नाही, एक-दोन बोरांनी काहीही बिघडत नाही.) त्यानंतर ती बोलू लागली. ती म्हणाली, "आज दिवसभर मले कोनं नावानं हाक नाही मारली. सगये म्हनतात, पोरीची माय." त्या दिवसापासून त्याने अंगणात तरी तिला नावाने हाक मारायची ठरवले. मी हे सुचवले नव्हते. तो ऐकत होता म्हणून त्याला कळले.

तुमच्या घरी बोरे नसतील तर हुरडा असेल, बाजारच्या दिवशीची गरम भजी असतील. वस्तू महाग नसावी, पण ती तिच्यासाठीच आणलेली असावी आणि आधीच्या, दोघांच्याच दिवसांतली काही तरी आठवण तिच्यात असावी. बाळाचे खेळणे आणणे हे प्रेम आहे, पण ते बाळावरचे आहे. तुम्ही खर्रा खात असाल तर त्याविषयीही बोलावे लागेल. अनेक बायका मला एकांतात सांगतात की नवरा जवळ आला की पहिल्यांदा खर्र्याचा वास येतो, आणि तेच तोंड बाळाच्या गालाला लागते हे तर त्यांना अजिबात सहन होत नाही. नवऱ्याला त्या हे कधीच सांगत नाहीत, कारण त्यावरून आधी भांडणे झालेली असतात. खर्रा सोडणे सर्वांत उत्तम. ते होईपर्यंत संध्याकाळनंतर तोंडात टाकू नका.

स्पर्श यानंतर. तिला स्पष्ट शब्दांत सांगा की पुढचे तीन आठवडे तुम्ही शरीरसंबंधाची अपेक्षा ठेवणार नाही, आणि शब्द पाळा. हे सांगितल्याने अंतर वाढेल असे नवऱ्यांना वाटते. प्रत्यक्षात उलटे होते. आज प्रत्येक स्पर्शाचा शेवट कुठे होईल याचा हिशेब ती पहिल्याच क्षणाला करते आणि म्हणून पहिलाच स्पर्श टाळते. शेवट तिथे होणार नाही याची खात्री पटली की तिला खांद्यावरचा हात फक्त हात म्हणून घेता येतो. विचारून सुरुवात करा, "पाय दाबून देऊ का?" एवढे पुरे. बाळाला पाजताना मान खाली घालून बसल्याने तिची मान, खांदे आणि कंबर दुखत असतात, म्हणून कोमट तेलाने मानेपासून खांद्यापर्यंत दहा मिनिटे चोळणे तिला खरोखर हवे असते. ती नको म्हणाली तर त्या दिवशी थांबा आणि तोंड पाडू नका. रुसलेल्या चेहऱ्याने दिलेली मोकळीक ही मोकळीक नसते, आणि बायकांना ते लगेच कळते.

तीन आठवड्यांनी काय? ते तिच्या मनावर सोडा. तिची इच्छा तुमच्यासारखी आपोआप उठेलच असे नाही. या काळात ती बहुतेकदा जवळीक सुरू झाल्यानंतर जागी होते, आणि तिला थांबायचे असेल तर तिने थांबवावे, हे दोघांनी आधीच मान्य केलेले असावे. संबंध पुन्हा सुरू करण्यासाठी साधारण सहा आठवडे झालेले असावेत, रक्तस्राव थांबलेला असावा आणि टाके भरलेले असावेत. तुमच्या बाबतीत कालावधी उलटून गेला आहे, पण कालावधी म्हणजे परवानगी नव्हे. कोरडेपणासाठी मेडिकलमध्ये पाण्यावर आधारित जेल मिळते, ते मागायला लाजू नका. खोबरेल तेल निरोधबरोबर वापरू नका, त्याने निरोध फाटतो. दुखत असेल तर "सहन कर" म्हणू नका. काळजी घेऊनही दुखणे चालू राहिले तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, त्यावर उपचार आहेत.

अंग चोरण्याचे एक कारण बायका सर्वांत शेवटी, आवाज खाली आणून सांगतात: पुन्हा दिवस राहतील ही भीती. पाळी आली नाही म्हणजे गर्भ राहत नाही, असा आपल्याकडे समज आहे आणि तो अर्धवट खरा आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतील असेल, फक्त आईच्या दुधावर असेल, दिवसा-रात्री नियमित पीत असेल आणि पाळी आलेली नसेल, या सर्व अटी एकत्र असतील तेव्हाच ते संरक्षण टिकते. बीजांड पहिल्या पाळीच्या आधीही बाहेर पडू शकते, म्हणून पाळी न दिसताच गर्भ राहिलेला मी अनेकींच्या बाबतीत पाहिला आहे. रात्री सलग चार तास पाजणे बंद झाले की हे संरक्षण आणखी कच्चे धरावे, म्हणून झोपेचा बेत सुरू करतानाच साधन ठरवावे. निरोध आशाताईंकडे मिळतो. अंगावर पाजणाऱ्या आईला चालणारी छाया ही गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा घेतात. अंतरा हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. तांबीही बसवता येते. सरकारी आरोग्य केंद्रात ही साधने मोफत आहेत. कोणते साधन तिला योग्य, हे तपासणीनंतर ठरवा, पण केंद्रात तिच्यासोबत तुम्हीही जा. ती भीती तिने एकटीने वाहू नये, हाच त्या फेरीतला प्रेमाचा भाग आहे.

हे सारे केव्हा लागू होत नाही, हेही सांगायला हवे. ती दोन आठवड्यांहून अधिक काळ दिवसातील बहुतेक वेळ उदास असेल, बाळ झोपलेले असताना आणि कोणी सांभाळत असतानाही तिला झोप लागत नसेल, जेवण सुटले असेल, बाळाकडे पाहून काही वाटत नाही किंवा "मी नसते तर बरे" असे ती म्हणत असेल, तर तो बाळंतपणानंतरचा नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर बोरे किंवा तेल हा उपाय नाही. 14416 या टेलिमानस क्रमांकावर दिवस-रात्र मराठीत मोफत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे बोलणे ऐकू आले तर तिला क्षणभर एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. फरक ओळखायला सलग झोपेचाच उपयोग होतो: चार-पाच रात्री नीट झोप मिळाल्यावर थकलेली बाई थोडी तरी खुलते, आजारी बाई बहुधा खुलत नाही. अशी लक्षणे नवऱ्यालाही होतात, तेव्हा स्वतःकडेही पाहा.

वर्ध्याच्या त्या जोडप्याची झोप रांगेला लागायला दोन आठवडे गेले, अंगणातली वीस मिनिटे रुळायला महिना, आणि शरीराची ओढ पूर्वीसारखी वाटायला मुलगी आठ महिन्यांची व्हावी लागली. तुरीच्या सोंगणीत आठ दिवस सगळे मोडले. तेव्हा त्यांनी फक्त रात्रीची झोप राखली आणि अंगण सोडून दिले, आणि मी तेच करायला सांगितले असते. तुमची लाइन या आठवड्यात दिवसाची असेल तर आजपासून तीन रात्री वहीत तिच्या झोपण्या-उठण्याच्या वेळा लिहा. रात्रीची असेल तर पुढच्या आठवड्यापर्यंत थांबा. ते पान तिला दाखवून "बघ, मी तुझी काळजी घेतो" असे म्हणू नका. ते फक्त तुम्ही वाचा, आणि त्यातला सर्वांत लांब तुकडा किती मिनिटांचा आला ते मला कळवा.